वाटी, कप आणि चकलीचं मोहन

दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात पुण्या-नाशिकातून न्यू जर्सी, लंडन, मेलबर्नकडे ज्या पाककृती जातात, त्यांत चकली हमखास असते. तीन वाट्या भाजणी, तीन वाट्या पाणी, तीन चमचे कडकडीत तेलाचं मोहन, दोन लहान चमचे तिखट, तेवढेच तीळ, दीड लहान चमचा मीठ, शिवाय हिंग, हळद, ओवा. तिकडच्या स्वयंपाकघरात एकात एक बसणारे मापाचे कप असतात आणि कडीत ओवलेले मापाचे चमचे असतात. वाटीच्या जागी कप धरला जातो, चमच्याच्या जागी हाताला येईल तो चमचा. चकल्या दिसायला छान होतात, काटेही सुरेख येतात, पण दाताने तुटत नाहीत. मग फोनवर भाजणीची चौकशी होते: डाळी कमी भाजल्या होत्या का, तांदूळ जुना होता का, गिरणीवाल्याने आधी ज्वारी दळली होती का.

भाजणी बहुतेक वेळा निर्दोष असते. चूक मापात असते, आणि ती एका गुणाकाराने सापडते.

आपली आमटीची नेहमीची स्टीलची वाटी साधारण दीडशे मिलिलिटरची असते. ‘साधारण’ म्हणायचं, कारण शंभराच्याही वाट्या मिळतात आणि दोनशेच्याही; आहारतज्ज्ञ मात्र ‘एक वाटी वरण’ म्हणताना बहुधा दीडशेचीच धरतात. अमेरिकेतला मापाचा कप २३७ मिलिलिटरचा, व्यवहारात २४० धरतात. म्हणजे एक कप हा एका वाटीच्या १.६ पट. तीन वाट्या भाजणी म्हणजे ४५० मिलिलिटर; तीन कप म्हणजे ७२०. पाणीही वाटीनेच सांगितलेलं असल्यामुळे तेही ७२० झालं आणि पीठ-पाण्याचा मेळ बिघडला नाही. पीठ व्यवस्थित भिजतं, सोऱ्यातून न तुटता पडतं, आणि म्हणूनच इथवर काहीच संशय येत नाही. मोहन मात्र चमच्याने सांगितलेलं होतं. तीन चमचे ते तीनच राहिले. साडेचारशे मिलिलिटर पिठासाठी सांगितलेलं तेल आता सातशे वीस मिलिलिटर पिठाला पुरवायचं आहे. ते पुरत नाही, आणि चकली कडक होते.

घरगुती मापांबद्दल मला जे म्हणायचं आहे ते एवढंच. वाटी हे प्रमाण सांगण्याचं साधन आहे, ठरावीक आकारमानाचं नाही. ‘एकास एक’, ‘एकास दोन’ हे सांगायला वाटी, कप, फुलपात्र, नारळाची करवंटी, काहीही चालतं. जोवर संपूर्ण कृती एकाच भांड्याने मोजलेली आहे, तोवर रूपांतराची गरजच नसते. शंकरपाळ्यांची जुनी कृती बघा: एक वाटी दूध, एक वाटी साखर, एक वाटी तूप, चिमूटभर मीठ आणि मावेल तेवढा मैदा. ही कृती जगातल्या कुठल्याही कपाने करा, शंकरपाळी तीच होतील, फक्त डबा लहान-मोठा लागेल. अडचण सुरू होते ती कृतीत दुसरं माप शिरलं की. वाटीच्या शेजारी चमचा आला, अंडं आलं, ‘एका लिंबाचा रस’ आला, की वाटीला आपला आकार सांगावाच लागतो.

त्यातही चमच्याचं प्रकरण वाटीपेक्षा अवघड आहे, कारण मराठी कृतीत ‘चमचा’ या एकाच नावाखाली निदान चार वस्तू वावरतात. मिसळणाच्या डब्यातला चिमुकला चमचा जेमतेम अडीच मिलिलिटरचा असतो. चहाचा चमचा चारपाच मिलिलिटरचा. पोहे-उपमा खायचा चमचा, ज्याला आपण ‘पोह्यांचा चमचा’ म्हणतो, तो आठ ते दहा मिलिलिटरचा. आणि वाढायचा डाव किंवा पळी असेल, तर तीत चाळीस-पन्नास मिलिलिटरही सहज मावतं. ‘दोन चमचे मोहन’ असं लिहिणाऱ्या गृहिणीच्या मनात बहुधा पोह्यांचा चमचा असतो, ‘दोन चमचे मीठ’ म्हणताना चहाचा, आणि ‘दोन चमचे मोहरी’ म्हणताना मिसळणातला. तिच्या हाताला हे पाठ असतं, त्यामुळे लिहिताना तिला ते वेगळं सांगावंसं वाटत नाही.

इंग्रजी मापात चमचे दोनच, आणि त्यांची मापं पक्की. टीस्पून पाच मिलिलिटरचा, टेबलस्पून पंधराचा. टीस्पून आपल्या चहाच्या चमच्याच्या जवळ जातो. पण टेबलस्पूनला आपल्या घरात जोडीदारच नाही. पोह्यांचा चमचा त्याच्याहून बराच लहान, डाव त्याच्याहून बराच मोठा. तरी इंग्रजीत उतरवलेल्या मराठी कृतींमध्ये पोह्यांच्या चमच्याचा टेबलस्पून झालेला सर्रास दिसतो.

आता चकलीकडे परत जाऊ आणि आकडे मांडून पाहू. पोह्यांचा चमचा नऊ मिलिलिटरचा धरला, तर मूळ कृतीत ४५० मिलिलिटर भाजणीला २७ मिलिलिटर तेल आहे. शंभराला सहा. हे झालं घरचं प्रमाण. पहिली सून वाटीच्या जागी कप घेते आणि चमचा मात्र माहेरून आणलेला पोह्यांचाच वापरते: ७२० मिलिलिटरला २७, म्हणजे शंभराला पावणेचार. चकली कडक. दुसऱ्या सुनेकडे माहेरची वाटी आहे, पण चमचा ती मापाचा, टेबलस्पून घेते: ४५० मिलिलिटरला ४५, शंभराला दहा. चकली तेलात टाकली की फसफसते, तुकडे पडतात, उरलेली तेल पिते. तिसरी सून दोन्हीकडे ‘चूक’ करते, वाटीचा कप आणि चमच्याचा टेबलस्पून. ७२० मिलिलिटरला ४५, म्हणजे शंभराला सव्वासहा. हिची चकली उत्तम होते! कप वाटीच्या १.६ पट आणि टेबलस्पून पोह्यांच्या चमच्याच्या जवळजवळ तेवढाच पट, त्यामुळे दोन चुका एकमेकींना खाऊन टाकतात. इंग्रजी कपांत उतरवलेल्या कितीतरी मराठी कृती बरोबर येतात त्या या योगायोगावर, असं माझं मत आहे. लिहिणाऱ्याने काही मोजलेलं नसतं, सगळंच सारख्या पटीने फुगलेलं असतं.

पण हा योगायोग सगळीकडे साथ देत नाही. ऑस्ट्रेलियात टेबलस्पून पंधराचा नसून वीस मिलिलिटरचा असतो आणि कप २५०चा. तीच कृती मेलबर्नमध्ये तिथल्या मापांनी केली, तर ७५० मिलिलिटर भाजणीत साठ मिलिलिटर तेल जातं, शंभराला आठ. चकली मोडायला लागते. शिवाय तिसऱ्या सुनेचंही सगळं साधलेलं नाही. तिखट-मीठ चहाच्या चमच्याने सांगितलं होतं आणि तिने टीस्पूनने घातलं. तो चमचा काही मोठा झाला नाही, पीठ मात्र १.६ पट झालं. दीड टीस्पून मिठाऐवजी जवळजवळ अडीच लागलं असतं. तिची चकली खुसखुशीत, पण अळणी. हे मात्र वेळेवर कळतं, कारण भिजवलेल्या पिठाची बोटभर चव घेऊन पाहायची रीत आपल्याकडे आहेच.

मोहनाचा अंदाज चवीने येत नाही. त्याला हाताची परीक्षा आहे. कडकडीत तेल कोरड्या भाजणीवर घालून, निवल्यावर दोन्ही हातांनी पीठ चोळायचं आणि मूठ आवळून बघायची. मुटका वळला आणि हलकं दाबल्यावर फुटला, तर मोहन पुरेसं आहे. वळलाच नाही तर चमचाभर तेल आणखी. तेल पाण्यातच उकळून भाजणी भिजवली, तर ही परीक्षा हातातून जाते आणि मग मापावर विसंबण्यावाचून इलाज नाही. बिघडलेल्या चकलीचं निदान करतानाही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सोऱ्यातून पाडतानाच तुटली तर बहुधा पाणी कमी पडलेलं असतं. नीट पडून तेलात गेल्यावर विरली तर मोहन जास्त. नीट तळली गेली आणि खाताना कडक निघाली तर मोहन कमी.

उलट बाजूनेही हेच घडतं. अमेरिकी पुस्तकातला केक आपल्याकडे वाट्यांनी केला जातो. दोन कप मैदा, एक कप साखर, दोन अंडी, दोन टीस्पून बेकिंग पावडर. दीडशेची वाटी घेतली तर ४८० मिलिलिटर मैद्याच्या जागी तीनशेच पडतो, पण अंडी दोनच असतात आणि बेकिंग पावडर दोनच चमचे. मैद्याच्या मानाने पावडर दीडपटीहून जास्त झाली. केक भराभर फुगतो, मध्ये बसतो आणि मागाहून जिभेवर कडवटपणा येतो. ओव्हनला बोल लावण्याआधी वाटी तपासावी.

इथे एक खुलासा करायला हवा. आपण ज्याला ‘इंग्रजी कप’ म्हणतो तो खरा अमेरिकी. इंग्लंडातली पाकपुस्तकं आज मैदा-साखर ग्रॅममध्ये सांगतात, त्यामुळे लंडनच्या दुकानातून आणलेल्या पुस्तकात कप सहसा सापडत नाही. कपाची शिस्त लावली ती अमेरिकेने, आणि त्यात मोठा वाटा फॅनी फार्मर या बॉस्टनच्या बाईंचा. १८९६मध्ये आलेल्या त्यांच्या पाकपुस्तकात त्यांनी आग्रह धरला की कप आणि चमचा भरून वर सुरीने सपाट करावा. त्याआधी तिकडेही ‘अंड्याएवढं लोणी’ आणि ‘चहाचा कपभर पीठ’ हीच भाषा होती. आपल्या ‘लिंबाएवढी चिंच’ आणि ‘सुपारीएवढा गूळ’ यांच्याच जातीची.

आपल्याकडे शेर-छटाकाची मापं १९५८नंतर दशमान पद्धत आली तशी बाजारातून हळूहळू गेली, पण स्वयंपाकघरात किलो-ग्रॅम तेवढ्या जोमाने शिरले नाहीत. ती जागा वाटीने घेतली. १९७०मध्ये आलेल्या कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याचं माप घरोघरी पक्कं केलं. नव्याने संसार मांडणाऱ्या मुलीकडे तराजू नसेल, पण वाटी असणारच, हे त्या मापातलं शहाणपण होतं. मात्र वाटी सपाट की शिगोशीग, हा प्रश्न फॅनी फार्मरबाईंसारखा कोणी कडकपणे सोडवला नाही.

आणि वाटीच्या बाबतीत तो प्रश्न कपापेक्षा मोठा आहे. तळाला सहा सेंटिमीटर, तोंडाला नऊ सेंटिमीटर आणि साडेतीन सेंटिमीटर उंच अशी वाटी घ्या. काठोकाठ तीत दीडशेहून थोडं जास्त मावतं. तिच्यावर रव्याची शीग लावली की वर आणखी सुमारे पन्नास मिलिलिटर बसतात. म्हणजे शिगेची वाटी ही सपाट वाटीपेक्षा तिसऱ्या हिश्शाने मोठी. कप तोंडाला अरुंद आणि खोल असतो, त्याच्यावरच्या शिगेने एवढा फरक पडत नाही. ‘अर्धी वाटी’ही अशीच फसवी. बाजू बाहेर कलत्या असल्यामुळे वाटी उंचीने अर्धी भरली की प्रत्यक्षात तीत पाचांतले दोनच भाग असतात. अर्धी वाटी हवी असेल तर अर्ध्या उंचीच्या थोडं वर जावं लागतं. बेसनाच्या लाडवात तूप ‘अर्धी वाटी’ घालणारे दोघे, एक डोळ्याने आणि एक मापाने, वेगवेगळे लाडू वळतात.

कोरड्या पदार्थांत आणखी एक मेख आहे, ती दाबण्याची. सैल भरून सपाट केलेला कपभर मैदा १२०-१२५ ग्रॅम भरतो. तोच कप पिठाच्या पिशवीत खुपसून भरला तर दीडशेच्या आसपास जातो. साखर दाबली जात नाही, ती कपाला दोनशे ग्रॅम. पण दळून पिठीसाखर केली की तोच कप सव्वाशेच्या आतबाहेर येतो. म्हणून लाडवाच्या कृतीत ‘दीड वाटी साखर, दळून’ आणि ‘दीड वाटी पिठीसाखर’ या दोन ओळींत गोडीचा बराच फरक आहे. शंकरपाळ्यांत हीच गोष्ट तुपाची. वाटीभर तूप पातळ करून मोजायचं की थिजलेलं, हे लिहिलेलं नसतं. थिजलेलं तूप शीग लावून घेतलं तर ते इतकं वाढतं, की शंकरपाळी तळताना तेलात विरायला लागतात. पातळ करून मोजावं, हे माझं ठाम म्हणणं. शीग लावण्याची सोयच राहत नाही.

ग्लासाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. घरोघरचे ग्लास दोनशेपासून तीनशे मिलिलिटरपर्यंत जातात, आणि मराठी कृतीत तो येतो बहुधा तांदूळ-पाण्यासाठी. ‘एक ग्लास तांदळाला दोन ग्लास पाणी’ हे निव्वळ प्रमाण आहे, त्याला कपात उतरवायची गरज नाही. फसगत होते ती विजेच्या भात-कुकरबरोबर येणाऱ्या प्लॅस्टिकच्या मापामुळे. त्याला ‘कप’ म्हणतात, पण तो जपानी मापाचा, १८० मिलिलिटरचा असतो. कुकरच्या आतल्या रेघा त्या कपाच्या हिशोबाने आखलेल्या असतात. तांदूळ अमेरिकी कपाने मोजून पाणी रेघेपर्यंत भरलं की भात फडफडीतच काय, कच्चा राहतो.

लिंबाचीही एक गंमत. आपलं कागदी लिंबू लहान, पातळ सालीचं. त्याचा रस एखादा टेबलस्पून निघतो, फार तर दीड. अमेरिकेत किंवा युरोपात लिंबू म्हणून जे पिवळं, मोठं फळ मिळतं त्याचा रस दोन-तीन टेबलस्पून भरतो, आणि चवही वेगळी असते. ‘अर्ध्या लिंबाचा रस’ हे माप परदेशात गेलं की दुप्पट होऊ शकतं. तिथे रस चमच्यानेच मोजावा.

आपल्या वाटीचं माप काढणं सोपं आहे. स्वयंपाकघरात इलेक्ट्रॉनिक काटा असेल, तर रिकामी वाटी ठेवून आकडा शून्यावर आणा आणि वाटी पाण्याने काठोकाठ भरा. जेवढे ग्रॅम, तेवढे मिलिलिटर. काटा नसेल तर एक लिटरची पाण्याची बाटली घ्या आणि तिच्यातून वाट्या भरत जा. पाच वाट्यांत बाटली संपली तर वाटी दोनशेची, सहा भरून सातवी अर्ध्याहून थोडी जास्त भरली तर दीडशेची, दहा भरल्या तर शंभराची. पोह्यांच्या चमच्यासाठी खोकल्याच्या औषधाबरोबर मिळणारं मापाचं टोपण पुरतं. दहा चमचे पाणी त्यात थोडं थोडं ओतून मोजा आणि बेरजेला दहाने भागा. एकाच चमच्यावरून काढलेला आकडा पाणी सांडल्यामुळे चुकतो. मोजून झालं की ती वाटी मापाचीच म्हणून बाजूला ठेवावी. घरातल्या सगळ्या वाट्या सारख्या दिसतात, पण वेगवेगळ्या संचांतल्या असतात, आणि बारशाला आलेली वाटी मुंजीच्या वाटीएवढी असेलच असं नाही.

कृती कपात उतरवताना मग एकच नियम पाळावा लागतो: एक तर सगळ्याच ओळी बदला, नाही तर एकही बदलू नका. चकलीची कृती दीडशेच्या वाटीवरून अमेरिकी मापात नेमकी उतरवली तर अशी दिसेल: पावणेदोन कपांहून थोडी जास्त भाजणी, तेवढंच पाणी, दोन टेबलस्पूनला किंचित कमी तेल, दोन टीस्पून तिखट, दोन टीस्पून तीळ, दीड टीस्पून मीठ. ‘पावणेदोन कपांहून थोडी जास्त’ हे कानाला विचित्र वाटतं, म्हणून लिहिणारे ते तीन कप करून टाकतात आणि बाकीच्या ओळी तशाच ठेवतात. त्यापेक्षा सरळ दोन कप भाजणी, दोन कप पाणी, दोन टेबलस्पून तेल, सव्वादोन टीस्पून तिखट, तेवढेच तीळ आणि दीड टीस्पूनला थोडं वर मीठ असं लिहावं. शंभराला सव्वासहा मोहन, म्हणजे जवळजवळ घरचंच प्रमाण, आणि मोजायला आकडेही सोपे.

या दिवाळीत मुलीला, सुनेला किंवा भाच्याला कृती पाठवणार असाल, तर खाली एक ओळ जास्त लिहा: माझी वाटी इतक्या मिलिलिटरची, सपाट भरलेली, मोहनाचा चमचा पोह्यांचा, इतक्या मिलिलिटरचा, मिठाचा चमचा चहाचा.